ग्रुपचा अ‍ॅडमिन गाव सोडतोय? चावी देण्याआधी ही चिठ्ठी लिहा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी वडखळच्या आमच्या ग्रुपची गोष्ट सांगितली. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, ती चिठ्ठी नक्की कशी लिहिली ते सविस्तर द्या." म्हणून हा धडा. शेवटी पूर्ण चिठ्ठी दिली आहे, आपापल्या ग्रुपप्रमाणे बदलून वापरा.

आधी एक फसलेली गोष्ट सांगतो, कारण मी शिकलो ते तिथूनच.

काही वर्षांपूर्वी मी दुकानदारांच्या एका ग्रुपमध्ये होतो. साडेतीनशे जण, अ‍ॅडमिन एकच. त्याला बाहेरगावी नोकरी लागली. जायच्या आदल्या रात्री त्याने "सगळ्यांचे आभार, भेटू पुन्हा" असं लिहिलं आणि ग्रुप सोडला. मनात काही वाईट नव्हतं, फक्त मागे अ‍ॅडमिन कोण हे त्याने ठरवलं नाही. एकटा अ‍ॅडमिन असा निघून गेला की व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांतून कुणालातरी आपोआप अ‍ॅडमिन करतं. आमच्याकडे ते पद एका किराणावाल्या काकांकडे गेलं. काका दिवसाला दोनदा फोन बघणार, तेही सुप्रभात पाठवायला. आपण अ‍ॅडमिन झालोय हे त्यांना महिनाभर माहीतच नव्हतं.

त्या महिन्यात ग्रुपच्या उघड्या लिंकवरून दोन अनोळखी नंबर आत आले. "पाच मिनिटांत बिनव्याजी कर्ज" अशी जाहिरात पडली. ग्रुप ओळखीचा, म्हणून जाहिरातही खरी असणार असं समजून एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी "प्रोसेसिंग फी" म्हणून ३,००० रुपये पाठवले. पैसे गेले ते गेलेच. लोकांनी ओरड केली, पण त्या नंबरांना काढणार कोण? काकांच्या दुकानात जाऊन त्यांच्या हातात फोन देऊन काढावं लागलं. पुढच्या दोन महिन्यांत निम्मे लोक ग्रुप सोडून गेले.

म्हणजे बघा, अ‍ॅडमिन बदलायला दहा सेकंद लागतात. पण अ‍ॅडमिनच्या डोक्यात आणि फोनमध्ये जे असतं ते हलवायला दोन-तीन आठवडे लागतात.

आमची केस

आता दुसरा ग्रुप. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा आणि पोयनाड भागातल्या घरगुती उद्योगवाल्यांचा. पापड, पोहे, मसाले, शिवणकाम, गणपतीच्या मूर्तींचं रंगकाम करणारे असे ६८४ लोक. तो उभा केला एका ताईंनी. त्यांच्या मिस्टरांना मस्कतला काम मिळालं आणि २८ जूनला सगळं कुटुंब निघणार असं ठरलं. ताई ७ जूनला माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी तुम्हाला अ‍ॅडमिन करते आणि निघते."

मी म्हटलं, "ताई, करा. पण निघू नका अजून. तीन आठवडे आहेत ना हातात?"

आधी व्हॉट्सअ‍ॅपचे तीन नियम समजून घ्या

पहिला नियम: ज्याने ग्रुप तयार केला त्याला दुसरा कुठलाही अ‍ॅडमिन काढू शकत नाही. तो स्वतः ग्रुप सोडेपर्यंत अ‍ॅडमिनच राहतो. बाकीच्या अ‍ॅडमिनना मात्र कुठलाही अ‍ॅडमिन `Dismiss as admin` करून खाली उतरवू शकतो.

याचे दोन अर्थ निघतात. ताई ग्रुपमध्ये आहेत तोवर त्या आधार आहेत. नव्या अ‍ॅडमिनने उद्या बाकी सगळ्यांना उतरवलं तरी ताई परिस्थिती सावरू शकतात. त्या बाहेर पडल्या की ही सोय संपते आणि उरलेले सगळे अ‍ॅडमिन सारखे. कुणीही कुणालाही काढू शकतो. म्हणून माणसं पारखायची ती ताई ग्रुपमध्ये असतानाच.

दुसरा अर्थ उलटा. ताईंनी ग्रुप न सोडता फक्त नंबर बंद पडू दिला, तर ज्याला कुणी काढू शकत नाही असा एक अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये लटकत राहतो. इथे सिमचा मुद्दा येतो. परदेशात गेल्यावर इथला प्रीपेड नंबर रिचार्जशिवाय राहतो आणि काही काळाने बंद होतो. बंद झालेला नंबर आपल्या देशात किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पण त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. ग्रुपची चावी असलेला नंबर उद्या कुणाच्या खिशात असेल हे आपल्या हातात नाही. तिथलं सिम घेतल्यावर व्हॉट्सअ‍ॅपमधल्या `Change number` ने खातं नव्या नंबरवर नेता येतं, ग्रुपही सोबत येतात. ताईंना ते करायला सांगितलंच. पण सगळा ग्रुप कुणाच्या तरी "आठवणीने करेन" वर ठेवायचा नाही.

तिसरा नियम: आता कुणी ग्रुप सोडला तर ते फक्त अ‍ॅडमिनना कळतं. ६८४ जणांना पत्ताही लागत नाही. लोक जुन्या अ‍ॅडमिनलाच मेसेज करत राहतात आणि उत्तर आलं नाही की रुसतात. म्हणून बदल झाला हे ग्रुपमध्ये लिहून सांगावंच लागतं.

कुणाला करायचं अ‍ॅडमिन?

ताईंच्या मनात आठ नावं होती. "सगळ्यांना करून टाकते, कुणाला वाईट वाटायला नको." मी नको म्हटलं. आठ जणांचं काम म्हणजे कुणाचंच काम नाही. शिवाय वर सांगितलं तसं आठातला कुणीही बाकी सातांना काढू शकतो. आणि एकच ठेवला, तर किराणावाल्या काकांची गोष्ट पुन्हा.

आम्ही तीन ठरवले. एक मी, कारण दुकानात दिवसभर फोन हाताशी असतो. दुसऱ्या नागोठण्याच्या मसालेवाल्या ताई, त्या भागातल्या बायकांना ओळखतात. तिसरा पेणचा मूर्तिकामातला एक तरुण, तो रात्री जागा असतो आणि लिंक, सेटिंग त्याला पटकन समजतं. तिघांची गावं वेगळी, धंदे वेगळे. एकाच धंद्यातले तीन अ‍ॅडमिन झाले की बाकीच्यांना वाटतं, जाहिरातीत यांचंच चालणार.

मसालेवाल्या ताई आधी घाबरल्या. "कुणी काही वाईट टाकलं तर पोलीस मला धरतील ना?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपचं असंच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं होतं. २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी फक्त अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा तसा आधीच ठरलेला बेत होता, हे दिसावं लागतं. याचा अर्थ वाईट पोस्ट राहू द्यायची असा नाही. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो दिसल्याबरोबर करायचा. आणि स्वतः टाकलेल्या मेसेजची जबाबदारी अर्थातच स्वतःची.

तीन आठवडे कसे वापरले

पहिला आठवडा: ७ जूनलाच ताईंनी आम्हा तिघांना अ‍ॅडमिन केलं. `Group info` उघडायचं, नावावर दाबून धरायचं, `Make group admin`. त्या आठवड्यात आम्ही काहीच केलं नाही, फक्त बघितलं. ताई कुणाला काढतात, कुणाला समजावतात, कुठली जाहिरात चालते. प्रत्येक वेळी त्या आमच्या चौघांच्या छोट्या ग्रुपमध्ये एक ओळ टाकायच्या. "आत्ता याला काढलं, कारण दोनदा सांगूनही शेअर बाजाराच्या टिप्स टाकत होता." चिठ्ठीतला अर्धा मजकूर या ओळींतूनच तयार झाला. ताईंना एका बैठकीत सगळं आठवून लिहायला बसवलं असतं तर निम्मं राहिलं असतं.

दुसरा आठवडा: काम आम्ही करायचं, ताईंनी बघायचं. तिथे आमची एक चूक झाली. पेणच्या मुलाने एका माणसाला ग्रुपमध्ये परत घेतलं. त्याला ताईंनी मार्चमध्येच काढलं होतं, माल न पाठवता पैसे घेतल्याच्या दोन तक्रारी होत्या म्हणून. मुलाला कसं माहीत असणार? सोडून गेलेल्या आणि काढलेल्या सदस्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ६० दिवसच दाखवतं आणि काढण्याचं कारण त्यात नसतंच. तेव्हा कळलं की काढलेल्यांची यादी कारणासकट चिठ्ठीत हवी.

याच आठवड्यात लिंकचा प्रश्न सोडवला. ग्रुपच्या लिंकचा क्यूआर ३१ दुकानांच्या काउंटरवर चिकटवलेला. माझा पहिला विचार होता `Reset link` करायचं. पण लिंक बदलली की छापलेले सगळे क्यूआर एका क्षणात निकामी. मग आम्ही `Group permissions` मध्ये जाऊन `Approve new members` चालू केलं. जुना क्यूआर चालतो, पण स्कॅन करणारा आधी दारात थांबतो, अ‍ॅडमिनने हो म्हटल्यावरच आत येतो. फोननुसार हे शब्द थोडे वेगळे दिसतील, जागा तीच. तुमची लिंक कुठे छापलेली नसेल तर सरळ बदलून टाका. आणि एखाद्या दिवशी दारात अचानक पंधरा-वीस अनोळखी नंबर उभे दिसले तर समजा की लिंक भलत्याच ग्रुपमध्ये फिरतेय. तेव्हा क्यूआरचा विचार न करता बदला.

तिसरा आठवडा: पैसे आणि दिलेले शब्द. हे सगळ्यात नाजूक.

पैशाचा हिशेब वेगळा काढा

गणपतीच्या आधी आमचा ग्रुप पॅकिंगचे बॉक्स एकत्र मागवतो. ताईंनी ४३ जणांकडून प्रत्येकी २०० रुपये आगाऊ घेतले होते, स्वतःच्या यूपीआयवर. एकूण ८,६०० रुपये. त्यातले ६,००० पनवेलच्या व्यापाऱ्याला दिलेले. दोघांनी नाव मागे घेतलं होतं, त्यांचे ४०० परत द्यायचे होते.

आता बघा, ताई तशाच गेल्या असत्या तर काय झालं असतं? ऑगस्टमध्ये बॉक्स आले नाहीत की ४१ जण म्हणाले असते, "पैसे घेऊन परदेशात गेली." ताईंनी इतकी वर्षं कमावलेलं नाव तिथेच संपलं असतं आणि आम्ही तिघं उत्तर देत बसलो असतो.

आम्ही काय केलं? दोघांचे ४०० ताईंनी स्वतः परत पाठवले. उरले ४१ जण, म्हणजे ८,२०० रुपये. त्यातले ६,००० व्यापाऱ्याकडे, त्याच्या पावतीचा फोटो घेतला. बाकी २,२०० मसालेवाल्या ताईंच्या खात्यात पाठवले. मग ४१ नावांची यादी, पावती आणि हे तीन आकडे ग्रुपमध्ये टाकले. पैसे अशा व्यक्तीकडे ठेवले जी ऑर्डर देत नाही. ऑर्डर मी देणार, पैसे त्यांच्याकडे. एकाच माणसाकडे दोन्ही ठेवू नका, तो माणूस तुम्ही स्वतः असलात तरी.

ती चिठ्ठी

ही चिठ्ठी फक्त नव्या अ‍ॅडमिनसाठी, मोठ्या ग्रुपमध्ये टाकायची नाही. ताईंनी दोन पानांत लिहिली, मी फक्त क्रम लावला. नावं इथे काढली आहेत.

> ग्रुप सोपवण्याची चिठ्ठी, २४ जून
>
> १. ग्रुप कशासाठी: घरगुती उद्योगवाल्यांनी माल, ऑर्डर आणि माहिती एकमेकांना द्यावी म्हणून. आज ६८४ सदस्य. अ‍ॅडमिन तिघं आणि मी.
>
> २. चालतं आणि चालत नाही: जाहिरात फक्त बुधवारी आणि शनिवारी, एकाची एकच. राजकारण, कर्ज, शेअरच्या टिप्स नाहीत. कर्जाची लिंक दिसली की आधी मेसेज डिलीट, मग माणूस बाहेर, मग ग्रुपला सूचना. बाकी चुकीला एकदा खाजगीत सांगायचं, दुसऱ्यांदा ग्रुपमध्ये, तिसऱ्यांदा काढायचं.
>
> ३. लिंक: क्यूआर ३१ दुकानांत आहे, यादी जोडली आहे. मंजुरी चालू ठेवा. नवीन माणसाला विचारा: गाव कुठलं, काम काय, ग्रुपमधलं कोण ओळखतं.
>
> ४. काढलेले लोक: पाच नंबर, प्रत्येकापुढे महिना आणि कारण. तिघांच्या संमतीशिवाय परत घेऊ नका. एकाला फक्त राजकीय पोस्टसाठी काढलं होतं, त्याने माफी मागितली आहे, दिवाळीनंतर घ्यायला हरकत नाही.
>
> ५. वर्षाचं काम: जूनमध्ये बॉक्सची ऑर्डर. सप्टेंबरमध्ये फराळ करणाऱ्यांची यादी सुरू. फेब्रुवारीपासून पापडाच्या ऑर्डर, तेव्हा दराची भांडणं होतात, दर ग्रुपमध्ये ठरवू देऊ नका.
>
> ६. पैसे: ४१ जण, ८,२०० रुपये. व्यापाऱ्याकडे ६,०००, पावती जोडली आहे. मसालेवाल्या ताईंकडे २,२००. माझ्याकडे आता काही नाही.
>
> ७. मी दिलेले शब्द: पोयनाडच्या दोघी नवीन आहेत, त्यांना फराळाच्या यादीत घेईन असं सांगितलं आहे. रोह्याच्या एका ताईंना मराठी टाइप करता येत नाही, त्या आवाजात पाठवतात, त्यांची जाहिरात कुणीतरी लिहून द्यायची.
>
> ८. माझ्याशी संपर्क: ३१ जुलैपर्यंत काहीही विचारा. त्यानंतर निर्णय तुमचा. कुणी "ताईंनी मला परवानगी दिली होती" म्हणालं तर या चिठ्ठीत आहे का बघा. नसेल तर दिलेली नाही.

सातवा मुद्दा वाचताना आम्ही तिघं गप्प झालो होतो. रोह्याच्या ताईंची जाहिरात दर आठवड्याला लिहून कोण देतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. असं काम कुठल्याच सेटिंगमध्ये दिसत नाही आणि ते थांबलं तर तो माणूस तक्रारही करत नाही, फक्त हळूच ग्रुप सोडतो.

आणि आठव्यातली शेवटची ओळ आम्हाला दोनदा कामी आली. जुलैतच एकाने रोज जाहिरात टाकायची "ताईंची परवानगी" काढली होती. चिठ्ठी बघितली, नव्हती. भांडण न होता विषय मिटला.

शेवटचा दिवस

विमान २८ ला, पण ताईंनी ग्रुप २५ जूनला सोडला. जायच्या दिवशी सामान, पासपोर्ट, रडारड, त्यात हे काम ठेवू नका. क्रम असा होता.

आधी ताईंनी स्वतः ग्रुपमध्ये मेसेज टाकला:

> नमस्कार. मी २८ तारखेला मस्कतला जात आहे. आजपासून ग्रुप हे तिघं बघतील (नावं). जाहिरातीबद्दल पेणच्या दादांना, नवीन सदस्यांबद्दल वडखळच्या भाऊंना, पैशांबद्दल नागोठण्याच्या ताईंना विचारा. बॉक्सच्या पैशांचा पूर्ण हिशेब काल टाकला आहे. माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, ती मी नाही.

शेवटची ओळ मुद्दाम घातली. अ‍ॅडमिन परदेशी गेल्याची बातमी फिरली की तिचा फोटो लावून "इथे अडकले आहे, पैसे पाठवा" म्हणणारे येऊ शकतात.

हा मेसेज आम्ही ३० दिवसांसाठी पिन केला. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायची गरज नव्हती, तिघंही अ‍ॅडमिन आहोत हे `Group info` मध्ये पुन्हा तपासलं आणि मग ताईंनी `Exit group` केलं. पाच मिनिटांनी मी त्यांना परत आत घेतलं, साध्या सदस्य म्हणून. त्यांनाही ग्रुप हवाच होता ना! पण आता चावी त्यांच्या नंबरवर नाही. तो नंबर पुढे चालो की बंद पडो, ग्रुपला धक्का नाही.

ताईंना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. "स्वतः बनवलेल्या घरात पाहुणी झाले," म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, घर उभं राहिलं की नाही ते बघा."

नीट सोपवलं गेलं हे कसं ओळखायचं?

महिन्याभराने एकच गोष्ट बघा: लोक प्रश्न कुणाला विचारतात. जुन्या अ‍ॅडमिनला अजून रोज मेसेज जात असतील तर अ‍ॅडमिन बदलला, पण काम बदललं नाही. ताईंना आम्ही सांगून ठेवलं होतं की मेसेज आला तर उत्तर देऊ नका, फक्त "भाऊंना विचारा" लिहा. पहिल्या आठवड्यात त्यांना वीसेक मेसेज गेले. जुलैअखेर एखादाच.

आजचा अभ्यास छोटा आहे. तुम्ही ज्या मोठ्या ग्रुपवर धंदा करता त्याचं `Group info` उघडा आणि अ‍ॅडमिन मोजा. एकच असेल, तर तो गाव सोडायची वाट बघू नका. त्याला आजच फोन करा आणि चिठ्ठीतला सहावा आणि सातवा मुद्दा आधी लिहून घ्या. बाकीचे नंतर जमतात, हे दोन नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!